रथाचे बैल आणि सात मिनिटं

आमच्या फैजपूर-सावद्याकडे भाषणाची सुरुवात मान्यवरांपासून होते. व्यासपीठावर बसलेले, खाली बसलेले, येऊ न शकलेले आणि अजून वाटेत असलेले अशा सगळ्यांची नावं घेऊन झाली की वक्ता रुमाल काढून तोंड पुसतो आणि मग बोलायला लागतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. केळीला पाणी एकदा सोडलं की घाई करणारे आम्ही कोण?

माझा भाचा पुण्यात सिनेमा शिकतो. शेवटच्या वर्षी जी फिल्म करायची, ती आधी उभं राहून मांडावी लागते. पुढच्या रांगेत अध्यापक, त्यांच्या शेजारी मुंबईहून आलेली निर्मितीतली मंडळी. वेळ सात मिनिटं, प्रश्नोत्तरं वेगळी. याला पिच म्हणतात. त्यानं भाषण लिहून मला दाखवलं. पहिलं पान मान्यवरांचं होतं, दुसरं स्वातंत्र्यलढ्याचं. बैल चौथ्या पानावर आले होते.

विषय मात्र अस्सल गावचा. 27 आणि 28 डिसेंबर 1936 ला फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माळावर टिळकनगर उभं केलं आणि शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी ते इथल्याच बांबू-तट्ट्यांनी सजवलं. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती बैलांच्या रथातून. हे सगळं आमच्याकडे शाळेतल्या पोरांना तोंडपाठ असतं. भाच्यानंही तेच लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ : ‘हा सगळा भव्य सोहळा पडद्यावर जिवंत करण्याचा माझा मानस आहे.’

मी विचारलं, ‘कॉलेज पैसे किती देणार?’

त्यानं आकडा सांगितला. त्यात सोहळ्याच्या गर्दीला एक वेळचं भरीत-भाकरी झालं असतं. भव्यता पुढच्या वर्षी.

‘मग काय करू, मामा? सात मिनिटात काय सांगून होऊन राहिलं?’

सात मिनिटांत इतिहास सांगून होत नाहीच. गोष्ट होते. विद्यार्थ्यांच्या ज्या फिल्म लोकांच्या लक्षात राहिल्या त्या एका वाक्यात मावतात. उमेश कुलकर्णी यांची ‘गिरणी’ घ्या. ती त्यांची फिल्म इन्स्टिट्यूटमधली डिप्लोमा फिल्म : घरात गिरणी येते आणि घरातल्या मुलाचं बालपण तिच्या घरघरीत हरवू लागतं. नागराज मंजुळे यांनी नगरला शिकताना ‘पिस्तुल्या’ केली. तिच्या मध्यभागी शाळेची ओढ लागलेलं एक पोर आहे. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दोन्हींत सामाजिक परिस्थिती ठासून भरलेली आहे, पण ती त्या पोरांच्या अंगावरून कळते.

तेव्हा रथ बाजूला ठेवून आम्ही बैलांकडे गेलो. ते कुणाचे तरी असतील, कुणाच्या तरी गोठ्यात रात्री बांधलेले असतील. तिथून भाच्यानं नवं पहिलं वाक्य बांधलं, आणि नमस्कार झाल्याबरोबर तेच म्हणायचं ठरलं :

‘1936 च्या डिसेंबरात अध्यक्षांच्या रथासाठी निवडलेल्या जोडीतला एक बैल आदल्या रात्री लंगडायला लागतो. दुसरा परक्या बैलासोबत पाऊल उचलत नाही. मालकाला पहाटेपर्यंत ठरवायचंय, सांगायचं की लपवायचं.’

गोष्ट अर्थातच कल्पित आहे, आणि तेही त्यानं भाषणात सांगून टाकायचं. फैजपूरकर फिल्म पाहतील तेव्हा ‘तो बैल आमच्या आजोबांचा’ असं म्हणणारी निदान दहा घरं निघतील.

या वाक्याचा फायदा असा, की त्यात माणूस आहे, अडचण आहे आणि घड्याळ आहे. ‘ही फिल्म माती आणि माणसाच्या नात्याविषयी आहे’ असं म्हटलं की अध्यापक मान हलवतात आणि पाहुणे मोबाइल पाहतात. पाहुण्यांचा यात दोष नाही. त्यांनी सकाळपासून माती आणि माणसाची अनेक नाती ऐकलेली असतात.

पुढचा भाग काय दाखवणार नाही याचा. नेहरू दिसणार नाहीत. टिळकनगर दिसणार नाही. लांबून कर्ण्याचा आवाज आणि क्षितिजावर उजेड. एक घर, एक गोठा, एक गाडीवाट. रात्रीचं चित्रण आम्ही आधी पैसे वाचावेत म्हणून धरलं होतं, मग त्याचं खरं कारण सापडलं. आमच्याकडे दिवसा कॅमेरा कुठेही वळवला तरी ठिबकच्या काळ्या नळ्या, विजेचे खांब आणि केळीच्या घडांना घातलेल्या पिशव्या दिसतात. कंदिलाच्या उजेडात 1936 सुखरूप राहतं.

हिशेब असा : पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. वीस मिनिटांची फिल्म म्हणजे वीस पानं. विद्यार्थ्यांची टोळी रात्रीत तीन पानांहून जास्त उरकत नाही, त्यात जनावर. म्हणजे सात रात्री. ‘पाच दिवसांत करतो’ म्हणणारा मुलगा पाहुण्यांना उत्साही वाटत नाही, अजाण वाटतो.

आता मुख्य पेच. बैल लंगडताना दाखवायचा कसा? खऱ्या जनावराला दुखवायचं नाही, हे तर झालंच. शिवाय फिल्मसाठी प्राणी वापरायचा तर चित्रणाआधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि मंडळाच्या दाखल्याशिवाय पुढे सेन्सॉरचं प्रमाणपत्र अडतं. मुंबईचा पाहुणा पहिला प्रश्न हाच विचारणार. भाच्यानं आधी ‘ते बघून घेऊ’ असं उत्तर ठरवलं होतं. गावात या उत्तरावर लग्नं होतात, पण पिचला ते चालत नाही.

उत्तर त्याच्या आजीकडून आलं. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, ‘अरे भो, बैल लंगडला का नाही ते पाहावं लागते का? घुंगरावरून समजते.’

चांगल्या जोडीच्या घुंगरमाळांचा ठेका सारखा पडतो. एक बैल पाय उचलून टाकायला लागला की ठेका मोडतो. अंधारात मालक खाटेवर पडलाय, बैल गोठ्याकडे येतायत, आवाज चुकतो आणि मालक उठून बसतो. पडद्यावर लंगडणारा बैल नाहीच, उठून बसणारा माणूस आहे. अध्यापकांना यात ध्वनीचा विचार दिसेल. पाहुण्यांना दिसेल की जनावराला काही करायला लावायचं नाही, नुसतं उभं राहायचंय, म्हणजे परवानगीचा अर्जही साधा आणि खर्चही कमी. दोन्ही रांगांना एकच उत्तर पुरतं, अशी जागा भाषणात क्वचित सापडते. सात मिनिटांतली दोन तिथंच खर्च करायची ठरली. पडद्यावर चित्रं न दाखवता, दिवे मालवून आधी नीट ठेका ऐकवायचा, मग मोडलेला.

शेवटी भाच्याला आवडती इराणी फिल्म सांगायची होती. मी ती काढून टाकायला लावली. आपण कोणासारखे आहोत ते समोरच्यांना ठरवू द्यावं.

आता एकच अडचण उरली आहे. आमच्या भागातल्या बैलगाड्यांना सरसकट टायर आले आहेत. लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकांची दमणी यावल-रावेर तालुक्यांत कुणाच्या खळ्यात अजून उभी असेल, तर ती भंगारात घालण्याआधी सात रात्री आम्हाला द्या. भाडं ठरवू, आणि श्रेयनामावलीत नाव घालू. मान्यवरांत नाही, पण पहिल्या ओळीत.