हळद कुणाची, जागरण कुणाला

आमच्या डोंबिवलीत लग्नापेक्षा हळद मोठी असते. लग्नाला माणसं अक्षता टाकतात, जेवतात आणि घरी जातात. हळदीला कुणी घरी जात नाही, आणि जे घरातच आहेत त्यांना झोपता येत नाही. मध्यंतरी समोरच्या मैदानात अशी एक हळद झाली. दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लावलेला आहे, पण फलक आमच्या जिन्यात आणि डीजे मैदानात, त्यामुळे दोघांची गाठ पडली नाही.

डीजे थांबला तेव्हा एक चाळीस झाले होते. मला वेळ मिनिटासकट माहीत आहे, कारण साडेदहापासून मी फक्त घड्याळच बघत होतो. सौ.चं मत होतं की घड्याळ बघण्यानं डीजे लवकर थांबत नाही. हे मत देऊन ती कुशीवर वळली आणि घोरायला लागली. मी मात्र अंथरुणात पडल्या पडल्या बेरीज-वजाबाकी करत होतो. उद्या बुधवार. बुधवारी सकाळी साडेसहाला जिम, आणि जिममध्ये डेडलिफ्ट. ९० किलो, पाचाचे पाच सेट. आत्ता डोळा लागला तर किती तास मिळतील? आणि आत्ता लागला तर? माझ्या अनुभवात झोप उडवायला डीजेपेक्षा ही वजाबाकी जास्त उपयोगी पडते.

एक वाजता मी सोसायटीच्या ग्रुपवर एक कडक मेसेज टाइप केला होता. तो पाठवला नाही हे पूर्वजांचं पुण्य. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये माणसं जागी ठेवून तपासलं होतं. सलग १७ तास जागं राहिलेल्याचं काम, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्याइतकं ढासळलं होतं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला ०.०३ पर्यंतच मुभा आहे. मी सकाळी पाचपासून जागा, म्हणजे रात्री एकला वीस तास झालेले. थोडक्यात, उद्या जिमला जायचं की नाही हा निर्णय मी मध्यरात्री घेत होतो तेव्हा पोलिसांनी माझी स्कूटरही अडवली असती. म्हणून आता माझा नियम आहे की उद्याच्या व्यायामाबद्दल रात्री काहीही ठरवायचं नाही. रात्री ठरतं ते दोनच प्रकारचं: एक तर ‘आता व्यायामच सोडला’, नाहीतर ‘मरेन पण जाईन’.

खरं तर सकाळी गजर बंद करून दोन तास जास्त झोपणं हाच उत्तम मार्ग होता. व्यायाम संध्याकाळी ढकलता आला असता. पण आमच्याकडे पाणी पाच दहाला येतं आणि पिंप भरायची जबाबदारी माझी आहे. पाणी माझ्या झोपेसाठी थांबत नाही. साडेतीन तासांची झोप घेऊन मी नळाशी उभा राहिलो. तोंडावर पाणी मारल्यावर जे जागं झालं त्याला मी म्हणणं जरा धाडसाचं होतं.

“आज राहू दे की,” सौ. म्हणाली. “मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना?”

आठवतंय. न आठवायला जिममधल्या लोकांनी संधीच ठेवलेली नाही. दोन महिन्यांपूर्वी असंच डासांच्या कृपेनं जागरण झालं होतं आणि मी बाणेदारपणे जिमला गेलो होतो. बार २० किलोचा. एकूण ८० करायचे होते, म्हणून दोन्ही बाजूंना तीस-तीस. मी एका बाजूला वीसची आणि दहाची प्लेट घातली. दुसऱ्या बाजूलाही दोन प्लेटा घातल्या, पण त्या दोन्ही दहाच्या होत्या. प्लेटा जागेवर राहाव्यात म्हणून टोकाला क्लिपा लावतात, त्या मी लावल्याच नाहीत. उचलल्याबरोबर बार भाजीवाल्याच्या तराजूसारखा एका बाजूला कलला, जड बाजूची दहाची प्लेट घरंगळली आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावर धाडकन आदळली. एक मात्र झालं. ती पडल्यावर दोन्ही बाजूंना वीस-वीस राहिले आणि बार अगदी बरोबर झाला.

त्या दिवशी मला वाटलं होतं की माझी ताकद गेली. ताकद कुठेही गेली नव्हती, मोजणी गेली होती. हा फरक कळायला मला बरंच वाचावं लागलं, आणि तो कळल्यापासून जागरणानंतरचा माझा व्यायाम बदलला.

अमेरिकेत ब्लूमर्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये राष्ट्रीय दर्जाच्या कॉलेजकुमार वेटलिफ्टरांना २४ तास जागं ठेवून स्नॅच, क्लीन अँड जर्क असले सगळे प्रकार करायला लावले. उचललेल्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो मूडमध्ये: थकवा, गोंधळ, उत्साहाचा अभाव. म्हणजे एका रात्रीचं जागरण झालं की मांड्यांना आणि पाठीला ते कळवायला लगेच कुणी जात नाही. ते आधी कळतं डोक्याला, आणि डोकं दिवसभर घरच्यांना कळवत बसतं.

पण हे झालं एकदाच जोर लावायच्या कामाचं. त्याच्या आधी, १९९४ मध्ये, इंग्लंडमधल्या रायली आणि पिअर्सी यांनी आठ तरुणांना सलग तीन रात्री फक्त तीन-तीन तास झोपू दिलं. यात एक मजेदार गोष्ट निघाली. जास्तीत जास्त वजन एकदाच उचलण्यापेक्षा, त्याहून हलकं वजन उचलण्याच्या कामाला जास्त फटका बसला. आपल्याला उलट वाटतं ना? जड जमणार नाही, हलकं जमेल. पण एकदाच जोर लावायचा तर माणूस दात-ओठ खाऊन लावून टाकतो. तेच तेच पुन्हा पुन्हा करायचं तर चिकाटी लागते, आणि झोप नसली की पहिली रजा चिकाटी टाकते. बाकी, त्या अभ्यासात जास्तीत जास्त वजनाच्या बायसेप्स कर्लवर जागरणाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. आमच्या जिममधली पोरं रात्रभर मोबाइल बघून सकाळी येतात आणि आरशासमोर फक्त बायसेप्स का मारतात, याला एवढा भक्कम शास्त्रीय आधार असेल असं मला वाटलं नव्हतं.

निघण्यापूर्वी चहा घेतला. चहाचं काम मला लोकलच्या भाषेतच समजतं. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते आपल्या ठरलेल्या सीटवर बसलं की आपल्याला झोप येते. कॅफिन आधीच डब्यात शिरून त्या सीटवर रुमाल टाकतं. अ‍ॅडेनोसिन उतरत मात्र नाही, ते दारात गर्दी करून उभं राहतं. पाचेक तासांत निम्मं कॅफिन उतरतं आणि मग ही सगळी मंडळी एकदम आत घुसतात. माझ्या बाबतीत ती साधारण अकराच्या मीटिंगमध्ये घुसतात. शिवाय हुशारी आली म्हणजे नेमकेपणा आला असं नाही. पाच तास झोपलेल्या टेनिसपटूंची सर्व्हिस ठरलेल्या चौकोनात कमी पडायला लागली होती आणि कॅफिन देऊनही ती सुधारली नाही, असं रेनर आणि हॉर्न यांना २०१३ मध्ये आढळलं. म्हणून अशा दिवशी मी नवीन काही शिकत नाही, एका पायावरचे तोल सांभाळायचे प्रकार करत नाही आणि जिमला चालत जातो. स्कूटर घरी राहते.

जिममध्ये आमचा ट्रेनर दारातच भेटला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा आहे, मला काका म्हणतो. माझ्या डोळ्यांकडे बघून त्यानं एकच विचारलं, “किती तास?”

“साडेतीन.”

“एकच रात्र की सारखंच चाललंय?”

हाच खरा प्रश्न आहे. एक रात्र असेल तर जागरण झालेलं अंग काम करतं. तिसरी रात्र असेल किंवा अंगात कसर असेल तर तो सरळ घरी पाठवतो. मी म्हटलं, एकच.

“मग वजन तेच ठेवू. सेट कमी करू. पण आधी वॉर्मअप बघू.”

मी नुसता बार उचलला, मग ४०, मग ६०, मग ७५. तो माझ्याकडे बघत नव्हता, बारकडे बघत होता. जमिनीवरून बार नेहमीच्या वेगानं सुटतो का, एवढंच त्याला हवं होतं. ७५ ला बार अडखळला असता तर तो ९० वर जाऊच देणार नव्हता. बार सुटला. मला वाटत होतं अंगात शिसं भरलंय, पण बारला तसं काही वाटत नव्हतं.

मग ९०. दोन्ही बाजूंना वीस आणि पंधरा, मी बोट लावून दोनदा मोजलं, क्लिपा लावल्या. पहिल्या सेटच्या पाचही रेप्स व्यवस्थित निघाल्या. आमच्याकडे प्रत्येक सेटनंतर ‘दहापैकी किती’ विचारतात. दहा म्हणजे आता एकही निघणार नाही, सात म्हणजे अजून तीन निघतील. ९० ला माझं उत्तर एरवी सात असतं. त्या दिवशी आठ आलं. दुसऱ्या सेटला साडेआठ. तिसऱ्याला मी चौथी रेप दोनदा मोजली, आणि पाचवीला (किंवा सहावीला) कंबर गोल व्हायला लागली.

“बस काका. ठेवा.”

“अजून दोन सेट आहेत!”

“ते दोन सेट आज तुमची पाठ करेल, पाय नाही करणार.”

ठरलेल्या पंचविसांऐवजी पंधरा रेप्स झाल्या. शेवटी धापा टाकायला लावणारं सायकलिंग असतं, त्याऐवजी वीस मिनिटं ट्रेडमिलवर नुसतं चाललो. एखाद्या दिवशीच्या दहा रेप्स बुडाल्यानं स्नायू झिजत नाहीत. उलट पुढच्या बुधवारी मी पाचही सेट केले, आणि ‘किती’ला पुन्हा सात म्हणालो. मात्र हे सगळे प्रयोग विशी-पंचविशीतल्या पोरांवर झालेले असतात आणि मी ५२ चा आहे, त्यामुळे त्यांच्यापेक्षा एक सेट कमीच धरतो.

दुपारी ऑफिसात अर्धा तास खुर्चीतच वामकुक्षी केली. तिलाही आधार आहे. लिव्हरपूलच्या वॉटरहाउस यांनी २००७ मध्ये चार तास झोपलेल्या लोकांना जेवणानंतर अर्धा तास झोपवलं, तर ते छोट्या स्प्रिंटमध्ये न झोपलेल्यांपेक्षा जोरात पळाले. मला स्प्रिंट मारायची नव्हती, पण साहेब आले तेव्हा मी बराच चपळाईनं उठलो.

पण जिममधली एक गोष्ट सांगायची राहिली. निघताना मी ट्रेनरला म्हटलं, “तू सुखी आहेस बाबा. तुमच्या बाजूला असले डीजे नाहीत.”

तो हसला. आवाज बसलेला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. “काका, नवरदेव माझा शाळेतला दोस्त आहे. मी पावणेदोनपर्यंत स्टेजसमोर होतो. तुम्हाला पण पत्रिका होती ना?”

पत्रिका आमच्या फ्रिजवर, गॅसच्या बिलाखाली होती, हे मी संध्याकाळी पाहिलं.

तो आपला बार लावायला वळला. त्याचा व्यायाम माझ्यानंतर असतो आणि त्याचं वजन माझ्या दुप्पट. एका बाजूच्या प्लेटा घालून झाल्या, दुसऱ्या बाजूला गेला, थोडा वेळ बारकडे बघत उभा राहिला आणि मग मला हाक मारली.

“काका, जाण्याआधी एक मिनिट. दोन्हीकडे सारख्याच आहेत ना, जरा मोजा.”