सात फ्रेमांचे अध्यक्ष

आमच्या भागातल्या नागरिक मंचाने 'फूटपाथ कोणाचा?' नावाची चार मिनिटांची फिल्म काढायचं ठरवलं आणि एडिटिंग माझ्या गळ्यात पडलं. माझ्याकडे बऱ्यापैकी कॉम्प्युटर आहे आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी पात्रता. चौकातल्या फूटपाथवरून मोटरसायकली कशा सुसाट जातात, हे दोन पोरांनी तीन संध्याकाळी उभं राहून टिपून आणलं होतं.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "आपलं भांडण प्रवृत्तीशी आहे, व्यक्तीशी नाही. कुणाचा चेहरा दिसता कामा नये, गाडीचा नंबर दिसता कामा नये. कोर्टकचेरी कोण करणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी ही अट एवढी ठासून का मांडली, हे मला पुढे पंधरा दिवसांनी कळलं.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, ते हल्ली ऑटोमॅटिक होतं. बटण दाबायचं आणि झोपायचं." मी बटण दाबलं आणि झोपलो.

सकाळी पाहतो तर कॉम्प्युटरने खूप काम केलं होतं. चौकात कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मधे दादा, वर गोल चौकटींत वरिष्ठ नेते आणि खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. असे एकूण एकतीस चेहरे होते आणि एकतीसच्या एकतीस त्याने पुसले होते. त्या फ्लेक्सवर स्वतःचा चेहरा यावा म्हणून ज्यांनी वर्गणी दिली असेल, त्यांना हे पाहून काय वाटलं असतं! रिक्षेच्या मागच्या काचेवरचे साईबाबा धूसर झाले होते. आणि त्या फ्लेक्सखालून, फूटपाथवरून, चेहरा वळवून ऐटीत जाणारा मोटरसायकलवाला मात्र नाक, मिशी आणि गालावरच्या तिळासकट स्वच्छ दिसत होता.

माझ्या कॉम्प्युटरला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूने केंब्रिजमधल्या नदीकाठच्या एका गाईचं तोंड धूसर केलं होतं आणि 2016 साली त्या गाईची बातमी झाली होती. गूगलच्याच मंडळींनी 2009 साली लिहिलेल्या शोधनिबंधात आपली पद्धत 89 टक्क्यांहून जास्त चेहरे आणि 94 ते 96 टक्के नंबरप्लेटी पुरेशा धूसर करते, असं नमूद केलं होतं. तेव्हापासून तंत्र पुष्कळ सुधारलं. पण चेहरा कशाला म्हणायचं, हा यंत्राचा हिशेब तसाच ढोबळ आहे. दोन डोळे, एक नाक, तोंड समोर, उजेड बरा, असं दिसलं की तो चेहरा. फ्लेक्सवरचा माणूस या परीक्षेत पहिला येतो, कारण तो फोटोसाठीच नटून बसलेला असतो. रस्त्यावरचा माणूस बाजूला बघतो, गॉगल लावतो, ओढणीने तोंड बांधतो, हेल्मेटची काच अर्धी वर करतो, आणि मग यंत्राला तो माणूस आहे याचीच खात्री वाटत नाही. ही खात्री किती हवी, ते ठरवणारी एक कडी असते. कडी सैल केली तर साईबाबाही सापडतात, घट्ट केली तर मिशीवालाही सुटतो. आपण कडी सैलच ठेवावी. जादाचे ठिपके नंतर काढता येतात. सुटलेला चेहरा कुणाच्या तरी फोनमध्ये जाऊन बसतो.

चेहऱ्यांचं काम मी दोन रात्रींत उरकलं. खरी गंमत नंबरप्लेटींत झाली.

साध्या, आयताकृती, सरळ अक्षरांच्या पाट्या कॉम्प्युटरने पटापट उचलल्या होत्या. पण आपल्याकडे नंबर फक्त पाटीवर असतो थोडाच? टेम्पोच्या कुशीवर रंगवलेला असतो, रिक्षेच्या अंगावर असतो. हे सगळे सुटले होते. आणि एक काळी मोटरसायकल सुटली होती, जिची पाटी चंद्रकोरीसारखी कापलेली होती आणि तिच्यावर 4141 हे आकडे वळवून वळवून 'दादा' केलेले होते. हेल्मेट घातलेला स्वार फूटपाथवरून येतो, फळवाल्याच्या गाडीला वळसा घालतो आणि निघून जातो. दृश्य आठ सेकंदांचं. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 200 चित्रं.

यंत्राला पाटी दिसत नसेल तर आपण हाताने दाखवायची असते. पाटीभोवती चौकट आखायची, 'ट्रॅक' म्हणायचं, आणि मग ती चौकट पाटीच्या मागे मागे जाते. हे ट्रॅकिंग म्हणजे जत्रेत आईचा पदर धरून चालणारं पोर. त्याला आई कोण हे ठाऊक नसतं, पदराची नक्षी तेवढी ठाऊक असते. चौकटीच्या आत जे ठळक कोपरे आणि कडा आहेत, त्या पुढच्या चित्रात कुठे सरकल्या एवढंच ते बघतं. मधे कुणी आडवं गेलं, की ते समोर आलेला पदर धरतं.

माझ्या दृश्यात तिसऱ्या सेकंदाला पीएमपीची बस आडवी गेली. बसच्या अंगावर जाहिरात होती, तिच्यात दादाच्या पाटीपेक्षा कितीतरी ठळक अक्षरं होती. माझी चौकट क्षणभर घुटमळली आणि बसमध्ये चढली. पुढचे पाच सेकंद तो राखाडी ठिपका बसच्या अंगाला चिकटून निमूटपणे स्वारगेटच्या दिशेने गेला आणि मागे 'दादा' लख्ख उघडा पडला.

हे मला दिसलं, कारण न दिसण्यासारखं ते नव्हतंच. मी शहाण्यासारखं बस येण्याच्या एक फ्रेम आधी पहिलं ट्रॅकिंग थांबवलं. मग बस गेल्यानंतर जिथे पाटी नीट, पूर्ण दिसते अशी फ्रेम शोधली, तिथे नवी चौकट आखली आणि पुढे ट्रॅक केलं. चालवून पाहिलं. बस आली, बस गेली, दोन्हीकडे ठिपका जागच्या जागी. सौभाग्यवतीला दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता जेवायला या."

फिल्म रात्री नऊला चढवली. सव्वानऊला शेजारच्या नानांचा फोन.

"अरे, दादाची पाटी दिसत्येय."

"शक्य नाही नाना."

"एक मिनिट बेचाळीस सेकंदांवर थांबव. आणि कीबोर्डवरचं टिंबाचं बटण दाबत जा."

नाना रिटायर्ड ऑडिटर आहेत. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून टिंबाचं बटण दाबलं की तो एकेक फ्रेम पुढे सरकतो, हे त्यांना नातवाने शिकवलं होतं, आणि त्या दिवसापासून ते कुठलाच व्हिडिओ सरळ बघत नाहीत. मी थांबवलं, टिंब दाबलं. बसच्या मागच्या कडेतून पाटी बाहेर येते. आधी नुसता कोपरा. मग अर्धा 'दा'. मग पूर्ण 'दादा', जरा तिरका. आणि मग माझी चौकट येते. म्हणजे मी 'नीट, पूर्ण दिसते' अशी फ्रेम शोधण्याच्या नादात त्याआधीच्या सात फ्रेमा तशाच सोडल्या होत्या. सात फ्रेमा म्हणजे पाव सेकंदाच्या किंचित वर. डोळ्याला त्या दिसत नाहीत, नानांना दिसतात.

उपाय अगदी सोपा होता आणि मला ठाऊकही होता. नव्या चौकटीपासून पुढे ट्रॅक करतो, तसंच तिथूनच मागेही ट्रॅक करायचं. पाटी बसच्या कडेला लागली की ट्रॅकरवर विसंबायचं नाही. तिथे एकेक फ्रेम मागे घेत चौकट हाताने सरकवायची आणि पाटी पूर्ण झाकली जाईपर्यंत ठिपका बसवरही चढू द्यायचा. बस धूसर झाली म्हणून बसची अब्रू जात नाही. आपोआप शोधणाऱ्या यंत्रातही हीच गोम असते. पुष्कळ ट्रॅकर वस्तू सलग दोनतीन फ्रेमांत दिसल्याशिवाय तिला मान्यता देत नाहीत. म्हणून प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला आणि प्रत्येक आडोशाच्या पलीकडच्या कडेला दोनतीन फ्रेमा उघड्या राहू शकतात. संपूर्ण फिल्म बघायला वेळ नसेल, तर निदान या दोन जागा बघा. चार मिनिटांत 6000 फ्रेमा असतात. त्यातल्या 5993 झाकल्या म्हणून शाळेत पहिला नंबर आला असता. इथे सात फ्रेमा उघड्या म्हणजे पाटी उघडी.

मी फिल्म काढली, दुरुस्त केली, पुन्हा चढवली. दहा मिनिटांत पुन्हा नाना.

"अजून दिसत्येय."

"नाना, आता टिंब दाबून सगळं बघितलंय मी!"

"टिंबाचं नाही. मी चष्मा काढलाय."

याचं मूळ 1973 साली सापडतं. हार्मन आणि ज्युलेझ या दोघांनी लिंकनचं चित्र मोठमोठ्या चौकोनांत फोडून दाखवलं होतं. जवळून नुसते ठोकळे दिसतात, पण डोळे किलकिले केले किंवा लांब गेलं की लिंकन. ठोकळ्यांच्या कडा पुसट झाल्या की आतलं चित्र वर येतं. मी 'दादा'वर असेच मध्यम आकाराचे ठोकळे घातले होते, दिसायला टीव्हीवरच्या बातमीसारखं वाटावं म्हणून. नानांच्या मोतीबिंदूने ते गुळगुळीत करून वाचले. शिवाय फ्रेमागणिक पाटी थोडी सरकते आणि ठोकळे दर वेळी वेगळ्या जागी पडतात. नेट लावून कुणी त्या सगळ्या फ्रेमा जुळवल्या, तर प्रत्येक फ्रेममधून थोडी थोडी माहिती गळत असते. आकडे तर दहाच, अंदाजाला जागा ती केवढी! तेव्हापासून मी नंबरवर सरळ एकरंगी राखाडी पट्टी मारतो. दिसायला वाईट दिसते. दिसू दे.

तिसऱ्यांदा चढवली. या वेळी नानांनी फोन केला नाही, ते घरीच आले. यूट्यूबवर फिल्मच्या दारावर जे चित्र लावतात, ते मी मूळ फुटेजमधून काढलं होतं. त्यात 'दादा' मधोमध होता, पोस्टरवरच्या हिरोसारखा.

चहा घेताना नाना सहज म्हणाले, "गाडी अध्यक्षांच्या चिरंजीवांची आहे. पण तो महिनाभर हैदराबादला आहे. मग हेल्मेटखाली कोण?"

मी काही बोललो नाही. आपलं भांडण प्रवृत्तीशी आहे. मी रात्री बसून दाराचं चित्र बदललं, सगळ्या फ्रेमा पुन्हा तपासल्या. मग एकदा डोळे मिटून नुसती ऐकली, कारण चेहरा झाकला तरी कुणीतरी नावाने हाक मारलेली असते. दोन ठिकाणी पोरं एकमेकांना नावाने ओरडत होती, तिथला आवाज काढला.

आता फिल्म चौथ्यांदा चढवलेली आहे. चेहरा एकही दिसत नाही, नंबर एकही दिसत नाही. फक्त एक मिनिट त्रेचाळीस सेकंदांवर फळवाला ओरडतो, "अहो अध्यक्ष, जरा बेतानं, केळी चिरडतील!" नाव काही तो घेत नाही, म्हणून तेवढा आवाज मी ठेवलाय.