ऐन सप्टेंबरात

आमच्या ऑफिसातून माणसं तीन तऱ्हांनी जातात. पहिला ताप येऊन जातो. ऑगस्टच्या शेवटी खोकायला लागतो, गौरी-गणपतीत आडवा होतो आणि पितृपक्षात व्हॉट्सअॅपवर तीन ओळींचा राजीनामा पाठवून एकदम बरा होतो. दुसरा शाप देऊन जातो. 'मी गेल्यावर कळेल माझी किंमत,' असं म्हणत ड्रॉवरला कुलूप लावतो आणि किल्ली घेऊन निघतो. तिसरा सगळ्यात महाग. हा रडून जातो. 'तुम्हाला वाऱ्यावर सोडून चाललोय, मला झोप लागत नाही,' असं प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन सांगतो. मग आपण त्याला चहा पाजायचा, 'अरे, होतं असं' म्हणायचं, पाठीवरून हात फिरवायचा. त्याचं काम तर आपल्याकडे आलेलं असतंच, वर त्याची समजूत काढण्याचंही काम येतं.

तात्या यांपैकी कशातच बसले नाहीत.

कॅनडा कॉर्नरजवळ एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं सीएचं ऑफिस. तिथं एक सर, मी धरून तीन असिस्टंट, एक जरा जुना झालेला आर्टिकल आणि तात्या. तात्या सीए नव्हते, पण सीए झालेली कित्येक मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. असा माणूस नाशिकच्या प्रत्येक जुन्या ऑफिसात एक तरी असतो. हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. मोबाइलला रबर बँड, कारण कव्हर सैल. बेरीज कॅल्क्युलेटरवर करायची, पण ताळा तोंडी घ्यायचा. आणि बोलताना प्रत्येक गोष्टीला आकडा. जेवण झालं का विचारलं तर 'झालं' म्हणणार नाहीत. 'दोन पोळ्या राहिल्यात' म्हणतील.

2024 सालची गोष्ट. 7 सप्टेंबरला गणपती बसले आणि 9 तारखेला, सोमवारी, तात्या सरांच्या केबिनमध्ये गेले. आमच्या केबिनच्या भिंती काचेच्या आहेत, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसतं, आणि दार नीट लागत नाही, त्यामुळे ऐकूही येतं. दिंडोरी तालुक्यात तात्यांची दीड एकर द्राक्षबाग. धाकटा भाऊ बघायचा. तो ट्रॅक्टरवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. छाटणीसाठी पेठकडची टोळी सांगून ठेवलेली, तारीख 23 सप्टेंबर.

'ऐन सप्टेंबरात, तात्या?' सर म्हणाले.

'सर, आपल्याकडे ऐन नसलेला महिना कोणता?' तात्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. 'जुलैत रिटर्नं. सप्टेंबरात टॅक्स ऑडिट. ऑक्टोबरात ऑडिटवाल्यांची रिटर्नं. डिसेंबरात जीएसटीचं वार्षिक. मार्च तर मार्चच.'

सरांनी दीड महिन्याची सुट्टी देऊ केली. आम्हा बाहेरच्यांचा जीव भांड्यात पडला. तात्या म्हणाले, 'नको. छाटणीपासून द्राक्ष हातात यायला चार महिने धरायचे. सुट्टी घेतली तर तुम्ही माझी वाट बघत बसाल आणि माणूस शोधणार नाही. राजीनामा देतो. म्हणजे शोधाल.'

मग सरांनी शेवटचं अस्त्र काढलं. 'मी तुम्हाला घरचा माणूस समजलो.'

'म्हणूनच समोर येऊन सांगतोय,' तात्या म्हणाले, आणि शनिवार, 21 तारीख हा शेवटचा दिवस ठरवून बाहेर आले.

टॅक्स ऑडिटची मुदत म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. तेव्हा 30 सप्टेंबर चुकली तर उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांतली जी रक्कम कमी असेल तेवढा दंड पक्षकाराला लागू शकत होता. आणि आपलं काम झालं म्हणून अहवाल झाला असं नाही. सरांनी तो पोर्टलवर चढवायचा, मग पक्षकारानं स्वतःच्या लॉगिनमध्ये जाऊन स्वीकारायचा. चढवणं म्हणजे साखरपुडा, स्वीकारणं म्हणजे लग्न. आणि आमचे निम्मे नवरदेव 29 तारखेला फोन बंद करून बसतात.

तात्यांकडे 23 फायली. मी ठरवलं, यांच्याशी बोलायचं नाही. दोन दिवस चहाचा कप त्यांच्या टेबलावर जरा आपटून ठेवला. तात्या दोन्ही दिवस 'थँक्यू, ताई' म्हणाले. तिसऱ्या दिवशी मला माझाच कंटाळा आला.

बारा दिवसांत त्यांनी 9 फायली लग्नापर्यंत नेल्या. शेवटच्या शनिवारी दुपारी आम्हा चौघांना बोलावलं आणि टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. मला वाटलं, आता भाषण होणार. रुमाल तयार ठेवावा का, या विचारात मी होते. तात्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

'14 फायली राहिल्या. 8 फायलींत फक्त शेवटचा हात फिरवायचाय, प्रत्येकी दोन तास. 4 फायलींत ताळमेळ बाकी, प्रत्येकी सहा तास. 2 फायली वाईट आहेत, प्रत्येकी दहा तास. एकूण 60. तुम्ही चौघं, म्हणजे प्रत्येकी 15 तास. रोजचं काम सांभाळून हे बसणार नाही. तुमचे दोन रविवार जातील, उद्याचा आणि 29 चा. ते माझ्यामुळे जातील.'

एवढंच. 'माफ करा' नाही, 'माझा नाइलाज आहे' नाही, 'तुम्ही हुशार आहात, सहज कराल' हे तर मुळीच नाही. भावाच्या पायाचं नावसुद्धा काढलं नाही. आमच्या आर्टिकलला ही शांतता सोसवेना. तो म्हणाला, 'नाही तात्या, तसं काही नाही, काय त्यात...'

'त्यात 15 तास आहेत,' तात्या म्हणाले. 'राग आला तर येऊ द्या. पान दोन काढा.'

त्या वहीत प्रत्येक फायलीला एक पान होतं, आणि फायलीत जे नसतं तेच पानावर होतं. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचं पान: 'लिलाव चालू असताना फोन उचलत नाहीत. मुनीमजींना करा. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो, मुलगा पुण्याला.' अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्याचं: 'डिजिटल सही 26 तारखेला संपते. 25 च्या आत स्वीकार करून घ्या, नाहीतर नवीन सही काढण्यात दोन दिवस जातील.' ही ओळ लाल पेनानं.

भांडी बाजारातल्या दुकानदाराचं पान सगळ्यात मोठं. त्या वर्षी पहिल्यांदाच ते कलम लागू झालं होतं: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि त्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेरीलाही द्यायचे राहिले, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. तात्यांनी लिहिलं होतं: 'दुकानदार चिडेल. कलम समजावत बसू नका. 31 मार्चला ज्यांचे पैसे द्यायचे राहिले त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाचं उद्यम प्रमाणपत्र मागा. नुसता व्यापारी असेल तर कलम लागत नाही. स्वतः भांडी घडवणारा असेल तर लागतं. यादीत 11 नावं, 4 प्रमाणपत्रं आली. 7 बाकी. चहा घेतल्याशिवाय ते कागद देत नाहीत, वेळ धरा.'

आणि पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउसचं पान, दोन वाईट फायलींपैकी एक: 'सव्वीस-एएसमध्ये दिसणारं उत्पन्न वहीपेक्षा 41,300 ने जास्त. कारण मला सापडलं नाही. विक्री तपासली, भाडं तपासलं, कमिशन तपासलं. बाकी काही तपासलेलं नाही.'

मी बरेच हस्तांतराचे कागद पाहिलेत. त्यांत 'काम प्रगतीपथावर' असतं, 'किरकोळ बाबी शिल्लक' असतं. 'मला सापडलं नाही' मी पहिल्यांदा वाचलं. त्या एका ओळीनं माझा अर्धा दिवस वाचवला, कारण कुठे शोधायचं नाही ते मला कळलं.

शेवटच्या पानावर फोनची वेळ: 'रात्री 8 ते 8.30. रोज. 30 सप्टेंबरपर्यंत.' सरांनी विचारलं, 'तात्या, पितृपक्षात निघताय?' तात्या म्हणाले, 'पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत. सोडायला हरकत नाही.' आणि साडेसहाला डबा घेऊन जिना उतरले. ड्रॉवर उघडा होता, किल्ली कुलपाला.

रविवार गेले. खरंच दोन गेले. रागही आला, मी काही संत नाही. पण गंमत अशी, की राग करायला तात्यांनी जागाच ठेवली नव्हती. जी गोष्ट सांगून त्यांना बोल लावायचा ती त्यांनीच आधी आकड्यासह सांगून ठेवली होती. आर्टिकल वैतागून म्हणाला, 'माझे सतरा तास झाले!' आम्ही वही काढली आणि तात्यांचा अंदाज दोन तासांनी चुकला हे सिद्ध केल्याचं समाधान मिळवलं.

29 तारखेला, रविवारी, मी पॅकहाउसची फायल घेऊन बसले. विक्री, भाडं, कमिशन सोडून. उरलं व्याज. बँकेत एफडी होती, मुदत संपायची बाकी. बँकेनं मार्चअखेरचं व्याज 41,300 धरून त्यावर 4,130 टीडीएस कापला होता. पॅकहाउसवाले मात्र एफडीची मुदत संपेल तेव्हाच व्याज लिहिणार होते. व्याज वहीत आलंच नव्हतं. एवढंच.

त्याच दिवशी बातमी आली, मुदत 7 ऑक्टोबरपर्यंत वाढली. आमच्या धंद्यात हा दरवेळचा मनस्ताप: ज्यांनी रविवार घातला त्यांच्याच डोळ्यांदेखत आठवडा फुकट वाटला जातो.

मी 8 वाजून 5 मिनिटांनी फोन लावला. मागून बायाबापड्यांचे आवाज येत होते. तात्या दमलेले वाटले. छाटणी झाली होती, काड्यांच्या डोळ्यांना पेस्टही लावून झाली होती. मी आधी व्याजाचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

'एफडीची पावती फायलीतच होती ना?'

'हो. शेवटून दुसरा कागद.'

'मग तुमचे किती तास गेले त्यात?'

'चार.'

'ते माझ्याकडे लिहा,' तात्या म्हणाले.

मग मी मुदतवाढीचं सांगितलं, आणि जरा लाडात येऊन म्हटलं, 'बघा, आठवडाभर थांबला असतात तरी चाललं असतं.'

'टोळीला मुदतवाढ नसते, ताई.' पलीकडे पान उलटल्यासारखा आवाज आला. म्हणजे वहीची दुसरी प्रत त्यांच्याकडे होती. 'पण फोनचं मी 30 लिहिलंय. ते 7 करून घ्या. शेजारी तारीख घाला आणि सही करा.'

'माझी?'

'माझी कशी चालेल? मी सोडलंय.'