अष्टमीची भरती आणि भाईंदर लोकल

भाईंदरच्या नवघरात घराघरांत कालनिर्णय टांगलेलं असतं ते दूधवाल्याचे खाडे लिहायला. २० फेब्रुवारी २०२४ पासून मात्र त्याला वाहतूक खात्याच्या वेळापत्रकाचा दर्जा मिळाला. कुठल्याही राजपत्रात ते छापून आलं नाही, एवढंच. त्या दिवशी भाईंदर पश्चिम ते वसई किल्ला अशी रो-रो बोट सुरू झाली आणि नवघरकराला कळलं की आपण खाडीकाठी राहतो. तोवर त्याला खाडी दिसायची ती लोकलच्या दारातून, तीही समोरच्याने बॅग हलवली तर.

योजना कागदावर इतकी सोपी आहे की शंका यावी. भाईंदरहून वसईला रस्त्याने जायचं तर घोडबंदर, फाउंटन हॉटेल, वर्सोवा पूल, महामार्ग असा अडतीसेक किलोमीटरचा वळसा. पाण्यावरून तेच अंतर चारेक किलोमीटर आणि वेळ पंधरा मिनिटं. बोटीचं नाव जान्हवी, तिच्यात ३३ वाहनं आणि १०० माणसं मावतात. सुरू झाली तेव्हाचे दर असे: मोठ्या माणसाला ३० रुपये, चालकासकट दुचाकीला ६०, रिक्षाला १००, मोटारीला १८०. म्हणजे ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात जायचं आणि डोळा लागायच्या आत पोचायचं. परदेशात याला फेरी म्हणतात आणि लोक फोटो काढतात. आपल्याकडेही लोकांनी फोटो काढले. मग दुसऱ्या दिवशी सगळे नेहमीप्रमाणे लोकलला लोंबकळले.

का, ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका कागदावर मांडून दाखवलं. ते निवृत्त लेखापाल असल्यामुळे त्यांच्या कागदाला दोन्ही बाजूंना समास असतो. त्यांचा वसईत घेतलेल्या सदनिकेवरून एका बिल्डरशी दावा चालू आहे. कोर्ट वसई गावात, किल्ल्याच्या अंगाला, म्हणजे या बोटीसाठी याहून लायक प्रवासी शोधून सापडणार नाही. त्यांनी लिहिलं: लोकलने भाईंदर ते वसई रोड, दुसरा वर्ग, पाच रुपये, दहा-बारा मिनिटं. पुढे वसई गावापर्यंत बस किंवा शेअर रिक्षा. बोटीने तीस रुपये, पंधरा मिनिटं आणि पलीकडे उतरल्यावर कोर्ट जवळ. इथवर बोट जिंकते आहे असं वाटून त्यांनी पेन बदललं.

पण मग त्यांनी ‘थांबणे’ हा रकाना आखला, आणि सगळं नाटक त्या रकान्यात आहे. लोकल चुकली तर काही मिनिटांत पुढची येते. आत शिरता येईल की नाही हा वेगळा विषय. बोटीचं गणित निराळं. पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला, आणि दोन्ही धक्क्यांवर गाड्या उतरवून नव्या चढवायच्या. प्रत्येक ठिकाणी यालाही पंधरा मिनिटं धरली तर एका बोटीला आपल्या जागी परत यायला तास लागतो. म्हणजे धक्क्यावर पाय ठेवला आणि समोर फळी वर उचलली गेली, तर तुमचा पंधरा मिनिटांचा प्रवास सव्वा तासाचा झाला. सेक्रेटरी म्हणाले, ‘जलप्रवास पंधरा मिनिटांचाच आहे हो, उरलेला तास जमिनीवरचाच.’

शिवाय नवघर पूर्वेला आणि धक्का पश्चिमेला. मधे भाईंदर स्टेशन. बोट पकडायला निघालेला नवघरकर पूल चढून स्टेशन ओलांडतो, तेव्हा खाली विरार लोकल उभी असते. पाच रुपयांची, उभी असलेली, वसईलाच चाललेली. या मोहावर मात करून जो पश्चिमेला उतरतो तो खरा दर्यावर्दी.

मग ही बोट उपयोगाची कोणाला? दुचाकीवाल्याला, आणि मोटारवाल्याला. त्याची तुलना पाच रुपयांच्या तिकिटाशी नसते, फाउंटन हॉटेलपाशी जाळलेल्या पेट्रोलशी असते. ३३ वाहनं आधी मोजून मग १०० माणसं मोजणाऱ्या बोटीने आपला प्रवासी कोण ते पहिल्याच दिवशी सांगितलेलं आहे. ती रस्त्याच्या कोंडीवरचा उपाय आहे, लोकलच्या गर्दीवरचा नव्हे. उद्‌घाटनाच्या भाषणांत दोन्हींचा उल्लेख एका दमात होतो, कारण दम भाषणाचा असतो.

एक पायी प्रवासी मात्र असा आहे ज्याला तीस रुपये स्वस्त पडावेत, आणि तो आपल्या विरुद्ध दिशेने येतो. वसई गावातला चाकरमानी. त्याला वसई रोड स्टेशन तसंही लांब. तिथे पोचून विरारहून भरून आलेल्या गाडीत त्याने स्वतःला कोंबायचं, त्यापेक्षा किल्ल्याकडून बोटीत बसून भाईंदरला यावं आणि भाईंदरहूनच सुटणारी लोकल पकडावी. बसायला जागा! पश्चिम रेल्वेवर या गोष्टीसाठी लोकांनी मैत्री तोडली आहे. आमच्या भाईंदरकरांना अर्थात ही कल्पना मुळीच मान्य नाही. इतकी वर्षं विरारवाले आम्हाला गाडीत चढू देत नव्हते, आता वसईवाले समुद्रमार्गे येऊन आमच्या गाडीत बसणार. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तिचा हिशेब हे लोक खिडकीच्या जागेने चुकता करताहेत, असं आमच्या डब्यातल्या ग्रुपचं मत पडलं.

तरीही हा वसईकर गृहीत धरू आणि त्याची गाडी-बोटीची गाठ घालून देऊ. इथेच कालनिर्णय उतरवावं लागतं. लोकल घड्याळावर चालते, खाडी चंद्रावर. आज भरती ज्या वेळी आली, उद्या त्यानंतर पाऊण तासाने येणार, परवा आणखी पाऊण तासाने. कोळीवाड्यातल्या कुठल्याही तांडेलाला विचारा, तो मोबाइल काढत नाही, तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, सकाळीही आणि संध्याकाळीही. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढी मिनिटं पदरची घालावीत.

आता हे ऑफिसच्या वेळेवर बसवून बघा. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, हे भरतीचे दिवस चाकरमान्याचे. धक्क्याशी पाणी भरलेलं, बोटीची फळी उतरणीवर नीट टेकलेली, दुचाकी सरळ आत. आता चतुर्थी घ्या. चौक पाऊण तीन. भरती पहाटे तीनला, म्हणजे ओहोटी बरोबर सकाळी नऊला. बोट खाली गेलेली, धक्क्याची एरवी पाण्याखाली असणारी उतरण उघडी पडलेली, तिच्यावर चिखलाची साय. पाण्याची पातळी कमी म्हणून फेरी पुढेमागे. संकष्टीला उपास असतो तो चंद्रोदयाला सुटतो, पण बोटीचा चंद्रोदयानेही सुटत नाही. आणि पौर्णिमेला तर उधाण. उधाणाच्या दिवशी पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि ती सर्वांत खोल ओहोटी आपल्या किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला येते. म्हणजे पहिली बोट पकडून सकाळची पाळी गाठायची आणि संध्याकाळी घरी परतायचं, नेमकं तेव्हा.

कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ पासून चालते, तिथे हे होत नाही का, असं विचारणारे असतात. तिथे तरंगते धक्के आहेत, पाण्याबरोबर वरखाली होणारे. पण तिथला समुद्रही भिडस्त. त्याची भरती-ओहोटी जेमतेम मीटरभर. आपल्याकडे उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड मजला. धक्क्याने दिवसातून दोनदा दीड मजला चढायचा आणि उतरायचा. आमच्या इमारतीची लिफ्टसुद्धा तेवढं काम करत नाही.

राहिला तिकिटाचा प्रश्न. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ नावाचं अ‍ॅप आलं. अकरा वाहतूक सेवा एका तिकिटात: मेट्रो, मोनो, उपनगरी रेल्वे, बेस्ट, ठाण्याच्या, कल्याणच्या, नवी मुंबईच्या बस, आणि होय, आमच्या मीरा-भाईंदरच्या बससुद्धा. नवघरकराने अभिमानाने यादी वाचली. अकराही सेवा कोरड्या. पाण्यावर चालणारी एकही नाही. तेव्हा बोटीचं तिकीट वेगळं, लोकलचं वेगळं, आणि दोघांची ओळख करून देण्याचं काम प्रवाशाकडे.

त्यातही मेख आहे. मोबाइलवर लोकलचं बिनकागदी तिकीट काढलं की तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो. हौसेने वसईच्या धक्क्यावरच काढून ठेवलंत आणि बोट चुकली, तर वरच्या रकान्यातला तो तास आठवा. तुम्ही भाईंदरला उतराल तेव्हा तिकीट मुदतीबाहेर आणि तपासनीस मुदतीत. सेक्रेटरींनी यावर शास्त्रशुद्ध तोडगा काढला: बोट सुटल्यावर, खाडीच्या मधोमध तिकीट काढावं. पंधरा मिनिटांत किनारा, तास शाबूत. शिवाय हे तिकीट स्टेशनाच्या आवारात काढता येत नाही असा नियम आहे, आणि खाडीचा मध्य हा स्टेशनाबाहेर आहे हे रेल्वेसुद्धा नाकारणार नाही. वांधा एकच, की तिथे रेंज मिळाली पाहिजे.

सेक्रेटरींना कोर्टाने पुढची तारीख दिली तेव्हा त्यांनी वकिलांमार्फत विनंती केली, की शक्य तर दशमी किंवा एकादशी द्यावी. न्यायालयाने कारण विचारलं. वकिलांनी ‘पक्षकार धार्मिक आहेत’ असं सांगून वेळ मारून नेली. तारीख मिळाली ती चतुर्थीची, सकाळी अकराची. सेक्रेटरींनी त्या दिवसासाठी लोकलचा डबा ठरवून ठेवला आहे, आणि समासात लिहिलं आहे: ‘जाताना पाच, येताना पाच. पुढची बस-रिक्षा सोडून बचत रुपये पन्नास. बिल्डरकडून वसूल करू नये.’