विशेषणं नकोत, तो रविवार सांगा

सोहळ्यात साहेब उठतात आणि म्हणतात, ‘आपल्यात एक माणूस असा आहे, जो कधी पुढे येत नाही, पण...’ त्या ‘पण’नंतर कष्टाळू, निगर्वी, मनमिळाऊ अशी चार विशेषणं येतात. टाळ्या वाजतात, शाल पांघरली जाते, फोटो निघतो. त्या माणसाने नेमकं काय केलं, हे साहेबांना ठाऊक नाही. ही गोष्ट तिथे सगळ्यांत आधी त्या माणसाच्याच लक्षात येते. मला या भाषणांचा राग येतो. चार विशेषणं कुणालाही चिकटतात. जी कुणालाही चिकटतात, ती त्याची नसतात.

गेल्या महिन्यात याच्या अगदी उलट भाषण ऐकलं. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी धाकटी बहीण आरोग्यसेविका आहे. लसीकरणाच्या कामाचं तालुक्याला कौतुक झालं म्हणून केंद्राच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या होत्या. पेढे, बटाटेवडे, चहा. आशाताई, सेविका, चालक, परिचर, सगळे होते. डॉक्टर मॅडम तीन मिनिटं बोलल्या, आणि ती तीन मिनिटं त्यांनी औषध निर्माण अधिकाऱ्यांसाठी राखली. या गृहस्थांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. ते शेवटच्या रांगेत, खांबाजवळ बसले होते.

मॅडम काय म्हणाल्या हे कळायला आधी भाऊंचं काम कळलं पाहिजे. केंद्रातल्या लसी आयएलआर नावाच्या पेटीसारख्या फ्रीजमध्ये राहतात. आत 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान लागतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा तापमान बघून वहीत लिहायचं, सुटीच्या दिवशीसुद्धा. लस उष्णतेने खराब होते हे सर्वांना माहीत असतं. गोठल्याने खराब होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच आजारांवरची लस. ती बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं असताना देतात. या लसीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. एकदा गोठली की त्या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि लसीची ताकद जाते. पुन्हा वितळवून ती परत येत नाही. पोलिओचे थेंब, गोवर-रुबेला आणि बीसीजी यांना गोठण्याची अशी भीती नसते, म्हणून पेटीच्या तळाशी, जिथे थंडी जास्त, तिथे त्या चालतात. पेंटा मात्र वरच्या टोपलीतच हवी.

यात सगळ्यांत वाईट भाग असा की गोठलेली कुपी ओळखू येत नाही. कुपीवर वर्तुळातला एक लहान चौकोन असतो. तो उष्णता लागली की गडद होत जातो. पण तो फक्त उष्णता मोजतो. गोठून निकामी झालेल्या कुपीचा चौकोन छान फिकट राहतो. सेविका तो बघते, सुई टोचते, बाळ नेहमीसारखंच रडतं, कार्डावर तारीख पडते, आई निश्चिंत होऊन घरी जाते. पुढे कधी घटसर्प किंवा डांग्या खोकला झाला, तर कुणीही मागे जाऊन कुठली कुपी होती ते शोधत नाही.

आता मॅडमचं भाषण. बहिणीने ते मोबाइलवर टिपून ठेवलं होतं, म्हणून मी शब्द जसेच्या तसे देऊ शकतो.

‘मी एका रविवारबद्दल बोलणार आहे. डिसेंबरातला दुसरा रविवार. आदल्या दिवशी संध्याकाळी स्टॅबिलायझर बदलायला माणूस आला होता. त्याने आयएलआर भिंतीपासून ओढला, तेव्हा तापमानाचं बटण फिरलं. रविवारी सकाळी भाऊ नेहमीसारखे नोंद करायला आले आणि तापमान होतं उणे एक. तापमान आपोआप टिपणारं यंत्र आपलं तेव्हा दुरुस्तीला गेलेलं होतं. केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. भाऊंनी बटण नीट केलं, संध्याकाळी पुन्हा आले, तेव्हा तापमान चार होतं. संध्याकाळच्या रकान्यात त्यांनी चार लिहिलं. सकाळच्या रकान्यात त्यांनी उणे एक लिहिलं. सकाळचा आकडा कुणी पाहिलेला नव्हता. ते दोन लिहू शकले असते आणि मला आजपर्यंत कळलं नसतं.’

इथे मॅडम थांबल्या. व्हरांड्यात चहाच्या कपांचाही आवाज येत नव्हता.

‘बावीस कुप्या पेंटाच्या होत्या. एका कुपीत दहा डोस. त्यांनी सगळ्या बाजूला काढल्या, खोक्यावर “वापरू नये” लिहिलं, आणि त्याच बॅचची एक कुपी रात्रभर डीप फ्रीजरमध्ये मुद्दाम गोठवली. सोमवारी माझ्या टेबलावर दोन कुप्या शेजारी ठेवल्या, एक मुद्दाम गोठवून वितळवलेली आणि एक संशयातली. दोन्ही हलवल्या. काही मिनिटांत दोन्हींचा गाळ सारखाच खाली बसला, वर नितळ पाणी. माझ्या डोळ्यांसमोर. मी त्या वेळी भाऊंवर चिडले. मंगळवारी पाच गावांची सत्रं होती आणि वरून खुलासा मागणारं पत्र येणार हे मला दिसत होतं. पत्र आलंच. भाऊंनी काही उत्तर दिलं नाही, दुपारी मोटारसायकलवर कॅरिअर बांधून शेजारच्या केंद्रातून लस आणली. मंगळवारची पाचही सत्रं झाली. चिडायची चूक माझी होती. ती मी आज सगळ्यांसमोर सांगते. भाऊ, तुम्ही उणे एक लिहिलंत. त्याबद्दल आभार.’

एवढंच. मॅडम खाली बसल्या.

त्या भाषणात भाऊंसाठी एकही विशेषण नव्हतं. ‘प्रामाणिक’ हा शब्दसुद्धा नाही. तरी त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्या व्हरांड्यात कुणाच्या मनात शंका उरली नाही, कारण प्रत्येकाला तो आकडा आणि तो रकाना दिसला. शांत माणसाचं काम सांगणं अवघड असतं, कारण त्याच्या कामाचं फळ म्हणजे ‘काही घडलं नाही’. न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. मग वरिष्ठ त्या माणसाच्या स्वभावाबद्दल बोलतो, कारण ते सोपं असतं. मॅडमनी न घडलेली गोष्ट घडू शकली असती तो क्षण धरला. भाषण करणाऱ्याला खरी मेहनत आहे ती हा क्षण शोधायची. तो वहीत सापडतो, सोबतच्यांशी बोलून सापडतो, व्यासपीठावर उभं राहून आठवत नाही.

मी नंतर मॅडमना विचारलं, तयारी कशी केलीत? त्या म्हणाल्या, ‘आठवडाभर आधी तापमानाची वही घरी नेली. वर्षभराच्या नोंदी वाचल्या. मग भाऊंना विचारलं, बोललं तर चालेल का? ते म्हणाले, बोला, पण मला पुढे बोलावू नका, आणि मला बोलायला लावू नका.’ म्हणून भाऊ शेवटपर्यंत खांबाजवळ बसून राहिले. कुणी त्यांना ओढून पुढे आणलं नाही, कुणी ‘दोन शब्द बोला’ म्हणून माइक हातात कोंबला नाही. हा माइक कोंबण्याचा प्रकार मला सरळ क्रूरपणा वाटतो. जो वर्षभर बोलला नाही, त्याला गौरवाच्या दिवशीच सगळ्यांसमोर अडखळायला लावायचं, आणि वर त्याच्या अडखळण्यावर प्रेमाने हसायचं.

त्या भाषणात मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटली. मॅडमनी स्वतःची चिडचिड लपवली नाही. खरी नोंद लिहिणाऱ्यावर वरिष्ठ चिडला की पुढच्या वेळी नोंद दोनची होते. भाऊंच्या जागी नवखा माणूस असता, तर त्या सोमवारी तो हेच शिकला असता. ‘मी चिडले, माझी चूक होती’ हे वाक्य सगळ्या आरोग्यसेविकांनी ऐकलं. उद्या त्यांच्यातल्या कुणाच्या कॅरिअरमध्ये बर्फाचे पॅक थोडे वितळू न देता, तसेच कडक भरले गेले आणि कुप्यांना टेकले, तर ती फोन करील. पॅक बाहेर काढून ठेवायचे, त्यांच्यावर पाण्याचे थेंब आले आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरायचे, हा नियम प्रत्येकीला पाठ आहे. पण सकाळी घाई असते आणि नियम घाईत मोडतो. मोडल्यावर सांगायचं की गप्प बसायचं, हे वरिष्ठाच्या तोंडाकडे बघून ठरतं.

एक टोचणी मात्र माझ्या मनात होती आणि मी ती मॅडमना बोलून दाखवली. भाऊ दर रविवारी का येतात? बाकीचे का येत नाहीत? शांत माणसाचं कौतुक करून त्याचं ओझं त्याच्याच खांद्यावर ठेवणं हे आपल्याकडे फार चालतं. त्याची तक्रार येत नाही, म्हणून त्याला त्रास नाही असं धरून चालतात. भाऊंनी आधीच्या वर्षी सलग किती रविवार नोंद केली होती, ते मी वहीत मोजायला बसलो आणि मध्येच सोडून दिलं, कारण प्रत्येक पानावर एकच अक्षर होतं. दिवाळीचं लक्ष्मीपूजन, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, सगळं त्याच बारीक अक्षरात.

मॅडमनी मला कागद दाखवला. तो भाषणाच्या आधीच टाइप झाला होता. रविवारच्या पाळ्या, चार नावं, आळीपाळीने. ज्यांची नावं होती त्या चौघांना दोन दिवस भाऊंनी तापमान कसं वाचायचं, पेंटा कुठल्या टोपलीत ठेवायची, उणे आकडा दिसला तर काय करायचं ते दाखवलं होतं. भाषणात मॅडमनी हा कागद मिरवला नाही. दुसऱ्या दिवशी लसींच्या खोलीच्या दारावर चिकटवला.

परवा बहिणीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. रविवार, सकाळी सव्वानऊ, चार अंश. अक्षर मोठं, गोल आणि थोडं घाबरलेलं. ते आरोग्य सहायकांचं होतं.