रेल्वे आली की उठवू

मुरबाडच्या आमच्या एका मित्राने आळशांच्या अध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली आहे. पडल्या पडल्या. जाहीरनामाही तयार आहे, फक्त शेवटचं पान लिहायचं राहिलं, कारण पेन खाटेखाली गेलं.

मुख्य आश्वासन एकच: डुलकी. त्यामागे अभ्यास आहे, हे मान्य करायला हवं. दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीर आपणहून सुस्तावतं, भात जेवा की उपाशी राहा. तेव्हा वीस मिनिटं पडलं की डोकं टवटवीत होतं. मात्र अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोप लागते आणि कुणी हलवलं की माणूस बराच वेळ कल्याणला उतरायचं की टोकावड्याला, अशा चेहऱ्याने बसून राहतो. म्हणून प्रत्येकाला वीस मिनिटं, हक्काची. शिवाय संध्याकाळी पाचला दुसरी. उशिराच्या डुलकीने रात्रीची झोप उडते, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "उडू दे की. मग दुसऱ्या दिवशी डुलकीला मागणी वाढेल. विकास म्हणतात तो हाच."

म्हशाच्या जत्रेतून प्रत्येक मतदाराला घोंगडी, हे कलम मात्र त्याला खोडावं लागलं. वस्तू वाटणं आचारसंहितेत बसत नाही. त्यावर त्याने "घोंगडी आपापली आणावी" अशी दुरुस्ती केली. वाहतुकीचं कलम मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं: 'कल्याण-मुरबाड रेल्वे आली की उठवू.' या एका ओळीवर तालुका त्याला डोळे मिटून मत देईल.

खरी अडचण निवडणुकीच्या नियमांची आहे. आमदार-खासदारकीचा अर्ज सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळातच घेतात, आणि आमच्या आळशांनीही तोच नियम उचलला. म्हणजे उमेदवार नेमका घोरत असताना खिडकी उघडी. अकरा वाजता जावं तर आंघोळ झालेली नसते. मित्राचा ठाम आरोप आहे की हे वेळापत्रक कष्टाळू लोकांनी कट करून आखलंय. प्रचाराचं तसंच. तो म्हणतो, प्रचार शेवटच्या दोन दिवसांत उरकू. पण मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास जाहीर प्रचार बंद असतो! हे कळल्यावर त्याला इतका आनंद झाला की तो कुशीवर वळला.

काल अर्जाची शेवटची तारीख होती. त्याला तीन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. प्रतिस्पर्ध्याची चौकशी केली, तर तो अजून झोपलेलाच होता. आता दोघेही बिनविरोध निवडून आल्याचा दावा करणार आहेत. पत्रकार परिषद दुपारी दोनला ठेवली आहे.