दहा स्लाइड्समध्ये झोप विकणाऱ्यास खुले पत्र



'नोकरदारांसाठी गाढ झोपेचे दहा नियम' हा तुमचा कॅरोसेल मी पहिल्या स्लाइडपासून शेवटच्या स्लाइडपर्यंत वाचला. ज्या नोकरदारासाठी तो केल्याचं तुम्ही सांगता, तो त्यात कुठेच नाही. सूर्यास्ताआधी जेवा, असं तुमची दुसरी स्लाइड म्हणते. त्या वेळी तुमचा वाचक दादरच्या पुलावर गर्दीत उभा असतो. बेडरूम फक्त झोपण्यासाठी वापरा, असं चौथी स्लाइड म्हणते. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या माणसाला हे सांगताना तुम्हाला जराही संकोच वाटला नाही. रोज रात्री दहाला झोपा, असं सहावीत आहे. रात्रपाळीची नर्स आणि परदेशी कंपनीसाठी काम करणारा कॉल सेंटरमधला मुलगा दहा वाजता कामावर असतात. तेही नोकरदारच आहेत.

मी रागावले आहे, कारण हा विषय छोटा असला तरी खरा आहे. दमून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी एखादा लहानसा बदल सुचवायचा आणि तो त्याला खरोखर जमावा, एवढंच काम होतं. त्याऐवजी तुम्ही एकेका स्लाइडवर पाच-पाच आज्ञा कोंबल्या. तिसऱ्या स्लाइडवर ध्यान, कोमट पाण्याची अंघोळ, डायरी, पुस्तक आणि पायांना तेल हे सगळं 'झोपेआधीचा एक तास' या नावाखाली आहे. ती स्लाइड वाचून माणूस त्यातलं एकही करत नाही. तो ती सेव्ह करतो आणि खाली सरकतो.

त्यापेक्षा गंभीर आहेत तुमचे दावे. निळ्या प्रकाशामुळे अमुक हार्मोन इतके टक्के घटतो, जायफळाच्या दुधाने निद्रानाश जातो, २१ दिवसांत मेंदूला नवी सवय लागते, हे सगळं तुम्ही कोणत्या अधिकारात लिहिता? नवव्या स्लाइडवर झोपेच्या गमीज आणि त्यांचा डिस्काउंट कोड दिसला, तेव्हा आधीच्या आठ स्लाइड्स कशासाठी होत्या ते कळलं. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२३ मध्येच सांगितलं आहे की, जाहिरातीच्या पोस्टमध्ये आरोग्याचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरकडे त्या विषयातली पात्रता हवी आणि ती त्याने ठळकपणे सांगावी. तुमच्या प्रोफाइलवर पात्रता म्हणून 'वेलनेस लव्हर' एवढंच लिहिलं आहे.

दावा फक्त आकड्यांत नसतो. तो क्रियापदांत लपतो. 'झोप सुधारते', 'ताण घालवते', 'शरीर स्वच्छ होते' असं लिहिलं की दावा झाला. तो चित्रातही असतो. कोपऱ्यात स्टेथोस्कोप काढला किंवा पांढऱ्या कोटातली बाई उभी केली, की खालच्या साध्या वाक्यालाही डॉक्टरचा शिक्का बसतो. तुम्ही दोन्ही केलं आहे. यावर उपाय अवघड नाही. परिणामाचं वाक्य काढून टाका आणि कृतीचं वाक्य ठेवा. 'फोन दूर ठेवल्याने गाढ झोप लागते' हा दावा आहे. 'आज फोन दाराजवळच्या सॉकेटला चार्जिंगला लावा' ही कृती आहे. दुसऱ्या वाक्यात काहीही सिद्ध करावं लागत नाही आणि वाचकाला नेमकं काय करायचं ते कळतं.

आता एका वाचकाची संध्याकाळ धरून हे काम कसं करता आलं असतं ते सांगते. डोंबिवलीत राहणारी आणि फोर्टमधल्या बँकेत काउंटरवर बसणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. ती आठ वाजता घरी पोहोचते. स्वयंपाक, जेवण, भांडी आणि उद्याच्या डब्याची भाजी चिरून ठेवणं यात साडेदहा होतात. मुलगा हॉलमध्ये अभ्यास करतो. सासूबाई मालिका बघतात. तिच्या हातात उरतात मधली चार-पाच मिनिटं. कॅरोसेल त्या मिनिटांसाठी लिहायचा.

पहिली गोष्ट म्हणजे तिला घड्याळ दाखवायचं नाही. प्रत्येक बदल ती आधीच करत असलेल्या कामाला बांधायचा: पर्स खुंटीला लावली की, शेवटचं भांडं पालथं घातलं की, दाराला कडी लावली की. या गोष्टी तिच्या घरी रोज होतात, मग ट्रेन वेळेवर येवो किंवा न येवो. रात्रपाळीच्या नर्सच्या घरीही त्या होतात, फक्त सकाळी. त्यामुळे एकच स्लाइड दोघींना लागू पडते.

मुखपृष्ठावर एवढंच लिहिलं असतं: 'घरी आल्यापासून झोपेपर्यंत पाच छोटे बदल. या आठवड्यात एकच निवडा.' 'एकच निवडा' हे पहिल्याच स्लाइडवर हवं. तुमच्या कॅरोसेलमध्ये ते कुठेच नाही, म्हणून वाचणाऱ्याला दहाही नियम पाळायचे आहेत असं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तो सगळेच सोडतो.

दुसऱ्या स्लाइडवर: 'पर्स खुंटीला लावली की ऑफिसच्या ग्रुपचं नोटिफिकेशन झोपून उठेपर्यंत म्यूट करा.' काहींना साहेबाच्या मेसेजला रात्री उत्तर द्यावंच लागतं. त्यांच्यासाठी खाली बारीक अक्षरात: 'म्यूट करणं शक्य नसेल तर जेवण झाल्यावर एकदाच ग्रुप बघा.' अपवाद त्याच स्लाइडवर दिला नाही, तर तो माणूस इथेच कॅरोसेल सोडून जातो.

तिसरी स्लाइड दिव्यांची. दिव्यांबद्दल तुम्ही 'घरातले सगळे दिवे मंद करा' असं लिहिलं होतं. मुलगा ट्यूबलाइटखाली अभ्यास करत असेल तर तिने काय करायचं? स्लाइड अशी हवी: 'शेवटचं भांडं पालथं घातलं की स्वयंपाकघराचा दिवा बंद करा आणि पुन्हा लावू नका.' स्वयंपाकघराचा दिवा तिच्या हातात आहे, हॉलचा नाही. आणि दिवा गेला की ओटा पुन्हा पुसायला, डबा पुन्हा बघायला ती आत जात नाही. दिवसाचं काम संपल्याची खूण म्हणून हे पुरेसं आहे, त्यापुढचं काही सांगायची गरज नाही.

चौथीवर: 'उद्याची लक्षात ठेवायची तीन कामं दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहा.' नवी डायरी आणायला लावू नका. डायरी विकत घ्यायची म्हटलं की हा बदल रविवारवर ढकलला जातो.

पाचवी स्लाइड फोनची, आणि इथे तुम्ही सर्वात मोठी चूक केली. 'फोन बेडरूमबाहेर ठेवा' एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. तिचा गजर फोनमध्येच आहे आणि पहाटे पाचला उठून पाणी भरायचं आहे. गावाकडे वयस्कर आई एकटी आहे, तिचा फोन रात्री आला तर ऐकू यायला हवा. या दोन अडचणी सोडवल्याशिवाय फोन उशाजवळून हलत नाही. म्हणून या विषयाला दोन स्लाइड्स द्या. एकीवर: 'चार्जर पलंगापासून चार पावलांवर लावा, गजर तिथूनही ऐकू येतो.' दुसरीवर: 'डू नॉट डिस्टर्ब सुरू करा, आणि आई-बाबांचा नंबर अपवादांत टाका.' बहुतेक फोनमध्ये निवडक नंबरांचे कॉल वाजू देण्याची सोय असते. तेवढ्या सेटिंगचा स्क्रीनशॉट काढून स्लाइडवर लावला असता, तर तुमच्या दहा नियमांपेक्षा जास्त उपयोग झाला असता. आधी दिवसा एकदा तपासून बघा, असंही त्यावर लिहा: गजर लावून बघा, आईला कॉल करायला सांगा. पहिल्याच रात्री गजर चुकला, तर फोन कायमचा उशाजवळ परत येतो.

शेवटच्या स्लाइडवर कोणतीही वस्तू विकू नका. 'झोपेची तक्रार सतत असेल तर डॉक्टरांना दाखवा. हा कॅरोसेल उपचार नाही.' ही दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहा, तळाशी करड्या रंगात नकोत.

आता मांडणीबद्दल, कारण तिथेही तुम्ही वाचकाला गृहीत धरलं. १०८० बाय १३५० च्या चौकटीत तुम्ही सत्तर-ऐंशी शब्द बसवले आहेत. मराठीत वर वेलांटी, मात्रा आणि रफार असतात, खाली उकार आणि रकार असतात, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर मराठीला पुरत नाही. तुमच्या चौथ्या स्लाइडवर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसला आहे. 'निद्रा' हा शब्द तर जोडाक्षर फुटून न वाचण्यासारखा झाला आहे. फॉन्ट बदलला असता तर हे टळलं असतं, पण त्यासाठी पोस्ट करण्याआधी एकदा फोनवर उघडून पाहावं लागतं. एका स्लाइडवर पंधरा शब्दांच्या आत एक कृती, खाली एक छोटी ओळ अपवादाची, बाकी जागा मोकळी. गडद पार्श्वभूमी ठेवा, कारण हे वाचणारे बरेच जण दिवा बंद करून पडलेले असतात आणि तुमची लख्ख पांढरी स्लाइड शेजारी झोपलेल्या माणसाच्याही तोंडावर पडते. आणि पोस्ट संध्याकाळी सहा-सातला करा, म्हणजे ट्रेनमध्ये वाचून घरी गेल्यावर त्याच दिवशी करून बघता येईल. तुम्ही ती रात्री सव्वाअकराला टाकली, लोक अंथरुणात फोन घेऊन पडलेले असतात म्हणून. झोपेवरचा सल्ला देऊन लोकांना जागं ठेवण्याचा हिशेब तुम्ही केला आहे, आणि तो मला सर्वात जास्त खटकला.

तयार झालेली स्लाइड चालते की नाही हे लाइक्सवरून कळत नाही. नोकरी करणाऱ्या पाच जणांना ती दाखवा आणि विचारा, 'आज घरी गेल्यावर काय कराल?' 'छान आहे', 'उपयोगी माहिती' असं उत्तर आलं तर ती स्लाइड फेकून द्या. 'चार्जर टीव्हीमागच्या बोर्डला लावीन' असं उत्तर आलं तर ठेवा. उत्तरात त्यांच्या घरातली एखादी जागा किंवा वस्तू आली पाहिजे.

तुमच्या खात्यावर माणसं विश्वासाने येतात. खालच्या प्रतिक्रियांमध्ये एका बाईंनी विचारलं आहे की, डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून तुमच्या गमीज घेऊ का. तुम्ही त्यांना उत्तर म्हणून हृदयाची खूण दिली आहे. ती खूण आजच काढा. त्यांना स्पष्ट लिहा की, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका. मग नववी स्लाइड काढा.

आपली,
एक नोकरदार वाचक